गोणीमागे एक किलो: कांद्याची पट्टी कशी वाचायची

"काका, नमस्कार. आम्ही वैजापूर तालुक्यातले. कांदा घेऊन दरवर्षी सासरे जायचे. गेल्या साली ते वारले. यंदा पहिल्यांदाच मी ४२ गोण्या पिकअपमध्ये भरून पाठवल्या, जाळीच्या गोण्या. ड्रायव्हरनं आडत्याची पट्टी, काट्याची चिठ्ठी आणि रोख पैसे आणून दिले. चिठ्ठीवर वजन २,१४२ किलो आहे. पट्टीवर २१ क्विंटल, भाव १,२००, विक्री २५,२००. खाली हमाली २९४, तोलाई १२६, भराई २१०, बाजार फी २६४.६०, इतर ५०४, मोटार भाडं ३,३६०. निव्वळ देय २०,४४१.४०. बेरीज-वजाबाकी दोनदा केली, जुळते. तरी मन मानत नाही. पट्टीवर नाव अजून सासऱ्यांचंच आहे. नेमकं बोट कुठे ठेवू? आणि बोलले तर पुढचा माल घ्यायला नाही म्हणतील का? चाळीत अजून तीसेक गोण्या आहेत."
— एक शेतकरी ताई

ताई, नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका बाजार समितीत आडत दुकानावर मी एकवीस वर्षं मुनीम होतो. अशा हजारो पट्ट्या माझ्या हातून लिहिल्या गेल्या. त्यामुळे तुमचे आकडे वाचता वाचताच कुठे काय झालंय ते दिसलं. तुमची बेरीज जुळणारच. पट्टीत बेरीज चुकवत नाहीत, कारण ती घरी गेल्यावर प्रत्येक जण तपासतो. जे जातं ते बेरीज सुरू होण्याआधीच जातं, म्हणजे वजनाच्या ओळीत.

काट्याची चिठ्ठी आणि पट्टी शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत ४२ किलोंचा फरक आहे, आणि गोण्याही ४२ च आहेत. गोणीमागे एक किलो बारदाना कापलाय. ही रीत जुनी आहे आणि एके काळी तिला आधारही होता. पूर्वी माल तागाच्या गोणीत यायचा. ती गोणी ओली-सुकी धरून किलोच्या आसपास भरायची, म्हणून सरसकट एक किलो धरत आणि त्यावर कुणी वाद घालत नसे. पुढे कांदा जाळीच्या गोणीत यायला लागला. गोणी बदलली, पट्टीतला एक किलो मात्र तसाच राहिला. आमच्या दुकानातही तो तसाच राहिला आणि मीही तो लिहीत गेलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जाळीची गोणी किती भरते हे बघायला फार काही लागत नाही. तुमचं पत्र आल्यावर मी शेजारच्यांच्या दहा रिकाम्या गोण्या तोंड बांधायच्या सुतळीसकट गुंडाळल्या आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. दहा मिळून १ किलो १०० ग्रॅम भरल्या. म्हणजे एक गोणी ११० ग्रॅम. तुमच्या गोण्या थोड्या वेगळ्या असतील, म्हणून तुमच्या तुम्ही तोला. माझ्या मापानं ४२ गोण्यांचे साडेचार किलोंच्या वर काही ग्रॅम होतात. आडत्याच्या बाजूनं पूर्ण पाच किलो धरू. तरी तुमच्या कांद्याचं निव्वळ वजन २,१३७ किलो येतं, म्हणजे २१ क्विंटल ३७ किलो. बाराशेच्या भावानं त्याचे २५,६४४ रुपये होतात. पट्टीवरच्या आकड्याहून हे ४४४ रुपयांनी जास्त आहेत. हे ४४४ रुपये वजावटीच्या यादीत कुठेच दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला ते सापडत नव्हते.

दुकानावर कदाचित सांगतील की हा कट नुसता गोणीचा नाही, त्यात माती, पाला, सडका दाणाही आला. ते मान्य करू नका. लिलावाच्या वेळी गोण्या फोडून कांदा ओतून दाखवतात. खरेदीदार तो हातात घेतो, गोल्टी किती, जोड किती, पत्ती सुटलीय का, सगळं बघतो आणि मगच बोली लावतो. मालात जे कमी-जास्त असतं ते त्या भावात धरलेलं असतं. पुन्हा वजनातही कापलं तर एकाच दोषासाठी दोनदा पैसे गेले. एक अपवाद मात्र खरा आहे. दाखवलेल्या गोण्यांत चांगला माल निघाला आणि काट्यावर बाकीच्या गोण्यांत खराब निघाला, तर खरेदीदाराला हरकत घ्यायचा हक्क आहे. पण ती तिथल्या तिथे घ्यायची असते. समितीचा निरीक्षक बोलवायचा, विकणाऱ्याला दाखवायचं आणि जे ठरेल ते पट्टीवर लिहायचं. तुमच्या पट्टीवर तसं काही लिहिलेलं असतं तर तुम्ही ते पत्रात नक्की लिहिलं असतं.

आता खालच्या ओळी. एक गोष्ट ध्यानात ठेवली की त्या वाचायला सोप्या जातात. माल गाडीतून उतरून काट्यावर चढेपर्यंत तो तुमचा असतो, आणि तोवरचा खर्चही तुमचा. सौदा पक्का झाला, वजन झालं, माल काट्यावरून खाली आला की तो खरेदीदाराचा. तिथून पुढे त्याला हलवायचा खर्च त्याचा.

या हिशेबानं हमाली तुमच्या अंगावर येते, कारण ती गाडीतून गोण्या उतरवण्याची आहे. गोणीमागे ७ रुपये लावलेत. तोलाई गोणीमागे ३ रुपये आहे, तीही तुमचीच. हे दर आडत्या ठरवत नाही. समितीनं मंजूर केलेले असतात आणि बाजाराच्या आवारात फलकावर लावलेले असतात. पुढच्या वेळी फलकाचा फोटो काढून आणायला ड्रायव्हरला सांगा. दर गोणीवर आहे की क्विंटलवर, तेही त्यात बघा, कारण याच ठिकाणी घोळ होतो. मोटार भाडंही तुमचंच. आडत्यानं ते गाडीवाल्याला परस्पर दिलं आणि पट्टीत वजा केलं, यात वावगं काही नाही. फक्त ड्रायव्हरला एवढं विचारा की गोणीमागे ८० रुपयेच मिळाले ना.

भराईचं मात्र तसं नाही. मोंढ्यात या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्याचा फायदा घेतला जातो. धान्य सुटं येतं, ढीग लागतो, लिलावानंतर ते पोत्यात भरावं लागतं. ती एक भराई. दुसरी भराई म्हणजे विकलेला माल खरेदीदाराच्या ट्रकमध्ये चढवणं. तुमचा कांदा घरूनच गोण्यांत भरून गेला होता, त्यामुळे पहिला अर्थ इथे लागूच होत नाही. लिलावात दाखवायला दोन-तीन गोण्या ओतल्या असतील आणि परत भरल्या असतील, तर तेवढ्यांची मजुरी कुणी मागितली तर देऊन टाका. ४२ च्या ४२ गोण्यांवर ५ रुपयांनी २१० लावलेत, याचा अर्थ ट्रक भरायचा खर्च तुमच्याकडून घेतला. तो खरेदीदाराचा आहे.

बाजार फीबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण यात शेतकरी सगळ्यात जास्त गप्प बसतो. "फी" आणि "समिती" हे शब्द दिसले की ते सरकारी वाटतं आणि आपण विचारत नाही. बाजार समित्या ज्या कायद्यानं चालतात तो १९६३ सालचा राज्याचा कृषी उत्पन्न पणन कायदा. त्याच्या कलम ३१ मध्ये ही फी कुणाकडून घ्यायची ते स्पष्ट लिहिलंय: खरेदीदाराकडून. विकणाऱ्याचं त्यात नाव नाही. तुमचे २६४ रुपये ६० पैसे म्हणजे २५,२०० वर शेकडा १ रुपया ५ पैसे. त्यातला १ रुपया बाजार फी आणि ५ पैसे देखरेख खर्च. दोन्ही घेणाऱ्यानं भरायचे असतात. आडत्या ते खरेदीदाराच्या बिलात लावतो, गोळा करतो आणि समितीकडे भरतो. त्याच सौद्याचं खरेदीदाराच्या नावानं निघालेलं बिल तुम्हाला बघायला मिळालं, तर माझा अंदाज आहे की त्यातही हीच रक्कम असेल. एकच फी दोन्हीकडून घेतली तर समितीकडे ती एकदाच जाते. दुसरी कुठे राहते, हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा.

"इतर" या ओळीला नावच नाही, म्हणून आकडा बोलता करावा लागतो. विक्रीच्या रकमेवरची शेवटची दोन शून्यं झाकली की शेकडा एक निघतो, २५२. त्याची दुप्पट ५०४. खरा खर्च असा नेमका दोन टक्क्यांवर येऊन थांबत नाही, तो चार-दोन रुपये इकडे-तिकडे असतोच. म्हणून "इतर" म्हणजे सरळ दोन टक्के कटती आहे. कशाची, तेही तुमच्या पत्रातच आहे. पैसे रोख मिळाले. पंधरा दिवसांनी घेतले तर पूर्ण, आज रोख हवे तर शेकडा दोन कमी, अशी पद्धत अनेक दुकानांवर चालत आली आहे. पण माल विकला की त्याचे पैसे लगेच देणं हे आडत्यावर बंधन आहे. जे द्यायचंच होतं ते दिल्याबद्दल कटती कसली? ही कटती नाही, आडत आहे, असं त्यांनी सांगितलं तरी उत्तर तेच. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा बदल सरकारनं जुलै २०१६ मध्ये केलाय आणि कांदा त्यात येतो.

सगळं नीट मांडलं तर तुमची पट्टी अशी व्हायला हवी होती. विक्री २५,६४४. त्यातून हमाली २९४, तोलाई १२६ आणि भाडं ३,३६० वजा. हाती २१,८६४. तुम्हाला मिळाले २०,४४१ रुपये ४० पैसे. फरक १,४२२ रुपये ६० पैशांचा. त्यात वजनाचे ४४४, भराईचे २१०, फीचे २६४ रुपये ६० पैसे आणि "इतर"चे ५०४. एवढ्या रकमेत तुमच्या १७ गोण्यांचं भाडं निघालं असतं.

याच हिशेबातून आणखी एक आकडा काढून ठेवा, चाळीतल्या गोण्यांसाठी तो कामाचा आहे. तुमचा रास्त खर्च ३,७८० रुपये, म्हणजे गोणीमागे ९० रुपये. भाव बाराशे असो की दोनशे, हे ९० रुपये बदलत नाहीत. ५१ किलोंच्या गोणीला ९० रुपये म्हणजे क्विंटलला साधारण १७६. भाव तिथवर घसरला तर हाती काहीच उरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची पट्टी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा किलोला १ रुपया भावानं गेला आणि भाडं, हमाली, तोलाई वजा होऊन हाती २ रुपये आणि काही पैसे आले. त्यात बेरीज चुकली नव्हती. गोणीमागचा खर्च तेवढाच राहिला आणि भाव त्याच्या खाली गेला, एवढंच. म्हणून गाडी सांगण्याआधी त्या दिवशीचा भाव फोनवर विचारत जा, आणि सगळ्यात वरचा भाव विचारू नका, सरासरी विचारा. वरचा भाव एखाद्या वक्कलालाच मिळालेला असतो.

आता बोलायचं कसं. पहिल्यांदा तुम्ही स्वतः जा, ड्रायव्हरच्या हाती निरोप पाठवू नका. दुपारी जा. सकाळी लिलावाच्या गर्दीत कुणालाच ऐकायला वेळ नसतो. सोबत पट्टी, काट्याची चिठ्ठी आणि दहा रिकाम्या गोण्या न्या. गोण्या गल्ल्यासमोर ठेवा आणि म्हणा, "भाऊ, एवढ्या दहा तोलून दाखवा." दहा गोण्या किती भरायला हव्यात, हे त्यांनाही माहीत आहे. पुढचं बोलणं सोपं जातं. फीचं विचारताना "तुम्ही फसवलं" असं म्हणू नका. "ही फी खरेदीदाराच्या बिलात लागली का, ते बिल मला दाखवा" असं म्हणा. माझ्या अनुभवात एवढ्यावर वजनाचे आणि भराईचे पैसे पुढच्या पट्टीत जमा करून देतात. फी आणि कटतीला वेळ लागतो.

नाहीच ऐकलं तर बाजार समितीच्या सचिवांना साध्या कागदावर अर्ज द्या. तारीख, पट्टी क्रमांक, दुकानाचा परवाना क्रमांक, काट्याचं वजन आणि पट्टीचं वजन लिहा. कोणकोणत्या ओळी मान्य नाहीत ते रकमेसकट लिहा. सोबत दोन्ही कागदांच्या झेरॉक्स जोडा, अस्सल कागद हातचे सोडू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घ्या. आडत्याचा परवाना समितीच देते आणि तिच्याकडेच त्याचं नूतनीकरण होतं, म्हणून त्या शिक्क्याला वजन आहे. तिथेही काही हललं नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे आणि त्यांच्यावर जिल्हा उपनिबंधकांकडे तोच अर्ज जातो. तुमची बाजू भक्कम आहे, कारण जे कापलं ते त्यांनी छापील पट्टीवर लिहून दिलंय. खरी अडचण कच्च्या चिठ्ठीवर हिशेब घेणाऱ्यांची होते. त्यावर दुकानाचं नाव नसतं, परवाना क्रमांक नसतो, मग दाद कशाच्या जोरावर मागायची?

माल घेणार नाहीत, ही भीती मला समजते. तुम्ही त्या दुकानाकडून उचल घेतली आहे का, ते पत्रात नाही. बियाण्याला किंवा खताला घेतली असेल आणि अजून फिटली नसेल, तर आधी तिचा वेगळा हिशेब लिहून मागा आणि ती चुकती करा. उचल असताना माणूस बोलू शकत नाही, हे मी गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसून रोज पाहिलंय. उचल नसेल तर तुम्ही मोकळ्या आहात. त्याच आवारात दुसरी दुकानं आहेत, आणि आडत्याचं उत्पन्न दुकानावर येणाऱ्या मालातूनच होतं. वेळेवर, निवडून भरलेला माल पाठवणारं गिऱ्हाईक कुणी सहज सोडत नाही.

पट्टीवरचं नाव मात्र याच आठवड्यात बदलून घ्या. हे बाकी सगळ्यापेक्षा आधी करा. २०२३ मध्ये १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेल्या लेट खरिपाच्या कांद्याला सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. अर्जासोबत मागितलेल्या कागदांत हे दोन होते: विक्रीची पट्टी आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा. पट्टी एकाच्या नावावर आणि सातबारा दुसऱ्याच्या, अशा घरांना किती चकरा माराव्या लागल्या ते मी पाहिलं. तुमच्याकडे तर पट्टीवरचं नाव वारलेल्या माणसाचं आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली असेल तर त्यातलं नाव पट्टीवर यायला हवं. झाली नसेल तर आधी तलाठ्याकडे जा. ई-पीक पाहणीत कांदा लागलाय का, तेही तिथेच बघून घ्या.

आणि चाळीतल्या तीस गोण्या भरायच्या आधी दहा रिकाम्या गोण्या तोलून घ्या. एका चिठ्ठीवर लिहा: गोण्या तीस, रिकामी गोणी इतके ग्रॅम, विकणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा आणि ती ड्रायव्हरच्या हाती द्या. माल उतरवण्याआधी ती मुनीमाला दाखवायची, एवढं त्याला बजावून सांगा.